अर्ध्या उंचीवरची रेघ

१८८४ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरले होते. तिथे फ्रान्सिस गॉल्टनने एक चिंचोळी प्रयोगशाळा थाटली. ती ३६ फूट लांब आणि ६ फूट रुंद होती. तीन पेन्स देऊन एका टोकाने आत शिरायचे आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत उंची, वजन, नजर, श्वासाचा जोर, मुठीची पकड असे एकेक मोजून घ्यायचे. ९,३३७ माणसांची मोजमापे तिथे नोंदली गेली. त्यात एक चाचणी ओढण्याच्या ताकदीची होती. तिरंदाज धनुष्य ओढताना उभा राहतो तशा पवित्र्यात उपकरण ओढायचे आणि जोर किती पौंडांपर्यंत गेला ते लिहून घ्यायचे.

या चाचणीतल्या २३ ते २६ वयाच्या ५१९ पुरुषांचे आकडे गॉल्टनने १८८९ च्या आपल्या ‘नॅचरल इनहेरिटन्स’ या पुस्तकात छापले. सगळे ५१९ आकडे ओळीने छापले असते तर पाने भरली असती आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागले नसते. म्हणून त्याने ते दहा-दहा पौंडांच्या वर्गांत वाटले. शाळेच्या पुस्तकांत याला वर्गीकृत वारंवारता सारणी म्हणतात. ती अशी दिसते :

| ओढण्याची ताकद (पौंड) | पुरुषांची संख्या | इथपर्यंतची एकूण संख्या |
|---|---|---|
| ५० पेक्षा कमी | १० | १० |
| ५० ते ६० | ४२ | ५२ |
| ६० ते ७० | १४० | १९२ |
| ७० ते ८० | १६८ | ३६० |
| ८० ते ९० | ११३ | ४७३ |
| ९० ते १०० | २२ | ४९५ |
| १०० च्या वर | २४ | ५१९ |

सारणी आटोपशीर झाली खरी, पण तिने एक किंमत वसूल केली. ६० ते ७० या ओळीत १४० माणसे आहेत, एवढेच आता कळते. त्यातला कोण ६१ वर थांबला आणि कोण ६९ पर्यंत गेला, ते पुसले गेले. आता कोणी विचारले, की या ५१९ जणांना ताकदीच्या क्रमाने एका रांगेत उभे केले तर बरोबर मधल्या माणसाची ताकद किती, तर सारणी सरळ उत्तर देत नाही. मधल्या माणसाच्या या मूल्याला मध्यक म्हणतात. रांगेचे चार समान भाग केले तर पहिला भाग जिथे संपतो तो पहिला चतुर्थक आणि तिसरा भाग जिथे संपतो तो तिसरा चतुर्थक. दुसरा चतुर्थक म्हणजे मध्यकच.

हरवलेले सुटे आकडे परत मिळणार नाहीत. पण आलेख कागद, पट्टी आणि टोकदार पेन्सिल हाताशी असेल तर मध्यक आणि दोन्ही चतुर्थक बऱ्यापैकी विश्वासाने वाचता येतात. गॉल्टनने स्वतः हेच केले. ज्या वक्रावरून हे वाचायचे त्याला ‘ओजाइव्ह’ हे नाव त्यानेच १८७५ मध्ये दिले. मराठी पुस्तके त्याला संचित वारंवारता वक्र म्हणतात. (वंशसुधारणेच्या नावाखाली गॉल्टनने मांडलेल्या विचारांनी पुढे जगात फार मोठे नुकसान केले, ते विसरून चालणार नाही. त्याची ही आलेखपद्धत मात्र त्या विचारांवर उभी नाही.)

सारे काम सारणीच्या तिसऱ्या स्तंभावर चालते. तो भरायला फक्त बेरीज लागते. १० मध्ये ४२ मिळवले की ५२, त्यात १४० मिळवले की १९२, आणि असेच पुढे. यातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ नीट बोलून पाहावा. १९२ म्हणजे ‘७० पौंडांपेक्षा कमी ओढणारे एकूण १९२ जण’. ते ६५ पेक्षा कमी ओढणारे नव्हेत, ‘साठ ते सत्तरवाले’ही नव्हेत. हे वाक्य डोक्यात पक्के बसले की आलेखावर बिंदू कुठे ठेवायचा हा प्रश्न उरत नाही. १९२ ही संख्या ७० वर पोचल्यावर पूर्ण होते, तेव्हा बिंदू ७० च्या रेषेवर, १९२ च्या उंचीवर.

कागदावर आडव्या अक्षावर ताकद घ्यावी आणि उभ्या अक्षावर माणसांची संचित संख्या. प्रमाण निवडताना घाई करू नये, कारण उत्तर किती नेमके वाचता येईल ते इथेच ठरते. आडव्या अक्षावर २ सेंटिमीटर म्हणजे १० पौंड धरले तर एक मिलिमीटर अर्ध्या पौंडाचा होतो. उभ्या अक्षावर २ सेंटिमीटर म्हणजे १०० माणसे धरली तर एक मिलिमीटर पाच माणसांचा, आणि सगळे ५१९ जण साडेदहा सेंटिमीटरच्या आत बसतात. आडवा अक्ष शून्यापासून सुरू करण्याची गरज नाही. तो ४० पासून घ्यावा आणि मधला भाग गाळला आहे हे कळण्यासाठी आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करावी. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच हवा. अर्धी उंची नि पाव उंची मोजायची आहे ती तळापासून.

आता बिंदू मांडायचे : ५० वर १०, ६० वर ५२, ७० वर १९२, ८० वर ३६०, ९० वर ४७३, १०० वर ४९५. पहिला वर्ग खालून उघडा आहे, कारण ‘५० पेक्षा कमी’ म्हणजे किती कमी ते सांगितलेले नाही. बाकीच्यांसारखा तोही दहाचा धरला तर ४० वर शून्य असा सुरुवातीचा बिंदू घेता येतो. शेवटचा वर्ग वरून उघडा आहे. तिथे रेघ १०० वर, ४९५ च्या उंचीवर थांबवावी. उरलेले २४ जण उजवीकडे कुठे तरी आहेत. ते कुठे संपतात ते माहीत नसताना ११० वर ५१९ असा बिंदू ठोकून देण्यात काही अर्थ नाही, आणि आपल्या कामासाठी त्याची गरजही नाही.

बिंदू जोडले की एक ओळखीचा आकार दिसतो. डावीकडे रेघ हळूहळू उठते, मधे एकदम चढते आणि वर जाऊन पुन्हा लोळते. जिथे चढ उभा आहे तिथे माणसांची गर्दी आहे. ६० ते ८० या वीस पौंडांत ३०८ जण दाटलेले आहेत, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त. रेघ कधीही खाली येत नाही, कारण आधी मोजलेली माणसे पुढे वजा होत नाहीत. कोणाच्या कागदावर ती १६८ पर्यंत चढून २२ वर उतरली असेल, तर त्याने संचित संख्येऐवजी दुसरा स्तंभ मांडला आहे, हे दुरूनही ओळखता येते.

आता वाचन. एकूण ५१९, अर्धे २५९.५. उभ्या अक्षावर ही उंची शोधायची. आपल्या प्रमाणात ती ५२ व्या मिलिमीटरच्या रेषेच्या केसभर खाली येते. तिथून वक्राला भेटेपर्यंत आडवी रेघ ओढायची आणि जिथे भेट झाली तिथून आडव्या अक्षावर लंब टाकायचा. लंब ७४ वर पडतो. म्हणजे त्या रांगेतल्या मधल्या तरुणाने सुमारे ७४ पौंड, साडेतेहतीस किलोच्या आसपास जोर लावला. गॉल्टनच्या पुस्तकातही या गटाचा मध्यक ७४ पौंडच दिला आहे.

इथे एक शंका नेहमी येते. ५१९ ही विषम संख्या, तर मधला माणूस २६० वा हवा. मग २५९.५ का घ्यायचे? सुटे आकडे हातात असते तर २६० वाच घेतला असता. वर्गीकृत सारणीत मात्र माणसे सुटी उरलेली नसतात. आलेख त्यांना आडव्या अक्षावर सलग पसरलेली मानतो आणि त्या पसरलेल्या संख्येची निम्मी उंची शोधतो, म्हणून एकूण संख्येचे सरळ निम्मे. फरक तरी किती? या भागात वक्र एका पौंडामागे जवळपास १७ माणसे चढतो, तेव्हा अर्ध्या माणसाचा फरक म्हणजे पौंडाचा तेहतिसावा भाग. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड असते.

चतुर्थकांची रीत तीच. ५१९ चा चौथा भाग १२९.७५ आणि पाऊण भाग ३८९.२५. पहिल्या उंचीवरून आडवी रेघ वक्राला ६० ते ७० च्या चढावर भेटते आणि लंब साडेपासष्टच्या जवळ पडतो. दुसरी रेघ ८० च्या थोडी पुढे भेटते आणि लंब साडेब्याऐंशीच्या जवळ. तेव्हा सर्वांत कमी ताकदीचे पाव जण साडेपासष्ट पौंडांच्या खाली आहेत, सर्वांत जोरदार पाव जण साडेब्याऐंशीच्या वर, आणि मधले निम्मे जण १७ पौंडांच्या पट्ट्यात मावलेले. मध्यकापासून खालचा चतुर्थक साडेआठ पौंडांवर आहे आणि वरचाही जवळपास तेवढ्याच अंतरावर. गटाचा मधला भाग डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेला नाही, हे कळायला तीन लंब पुरे झाले.

सारणीवरून सूत्र वापरूनही हेच उत्तर येते. मध्यकासाठी ७० च्या पुढे २५९.५ वजा १९२, म्हणजे ६७.५ माणसे मोजायची. त्या वर्गात १० पौंडांत १६८ माणसे आहेत, म्हणून ६७.५ ला १६८ ने भागून १० ने गुणायचे. उत्तर ४.०२, आणि मध्यक ७४.०२. हे सूत्र आणि बिंदूंना पट्टीने सरळ जोडणे ही एकच गोष्ट आहे. दोन्ही ठिकाणी गृहीत असे, की एका वर्गातली माणसे त्या वर्गात सारख्या अंतराने पसरलेली आहेत. म्हणून सूत्राने ७४.०२ आले आणि आलेखाने ७४ आले, तर आलेख कमी पडला असे समजू नये. तो शेवटचा ०.०२ कोणी मोजलेला नाही, तो गृहीतकातून निघालेला आहे. सारणी खात्रीने एवढेच सांगते, की मध्यक ७० ते ८० च्या मधे आहे.

हे गृहीतक कुठे कसे वाकते तेही आलेखावरच दिसते, आणि सूत्रापेक्षा आलेखाची बाजू इथे वरचढ ठरते. ६० ते ७० च्या वर्गाकडे पाहावे. त्याच्या डावीकडे ४२ माणसे आहेत, उजवीकडे १६८. गर्दी उजवीकडे वाढत चालली आहे. तेव्हा या वर्गातले १४० जणही ६० पेक्षा ७० च्या बाजूला जास्त असणार. बिंदू पट्टीने न जोडता हाताने गुळगुळीत वक्र काढला तर तो इथे सरळ रेघेच्या थोडा खाली झुकतो, आणि पहिला चतुर्थक साडेपासष्टऐवजी ६६ कडे सरकतो. ८० ते ९० मध्ये उलटे. तिथे गर्दी उजवीकडे ओसरते आहे, वक्र सरळ रेघेच्या वर फुगतो आणि तिसरा चतुर्थक साडेब्याऐंशीवरून किंचित खाली येतो. मध्यकाचा वर्ग शिखरावरचा, दोन्हीकडून साधारण सारखा. म्हणून तिथे सरळ रेघ आणि वक्र यांत फारसा फरक पडत नाही. हाताने वक्र काढताना एकच पथ्य आहे : तो प्रत्येक बिंदूतून गेला पाहिजे. बिंदू हे मोजलेले सत्य आहेत, मधली रेघ हा अंदाज.

या कामात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे बिंदू वर्गाच्या मध्यावर मांडणे. वारंवारता बहुभुज काढायची सवय असलेला हात आपोआप ६५, ७५, ८५ कडे जातो, कारण तिथे वर्गमध्यच लागतो. संचित वक्रात असे केले तर अख्खा वक्र अर्ध्या वर्गाने, म्हणजे इथे ५ पौंडांनी, डावीकडे सरकतो. मध्यक ७४ ऐवजी ६९ येतो. पहिला चतुर्थक साडेसाठ, तिसरा साडेसत्याहत्तर. दोन चतुर्थकांमधले अंतर मात्र १७ च राहते, कारण सगळेच एकत्र सरकले. म्हणून ही चूक नजरेत भरत नाही. वक्राचा आकार बरोबर, पसारा बरोबर, फक्त जागा चुकलेली.

पकडायचे कसे? पहिला उपाय आलेखाआधीचा. सारणीतच पाहून ठेवावे, की २५९.५ ही संख्या १९२ आणि ३६० च्या मधे येते, म्हणून मध्यक ७० ते ८० मध्येच असला पाहिजे. आलेखाने ६९ दिले की चूक उघड. पण हा उपाय नेहमी पुरत नाही. खरा मध्यक ७७ असता तर चुकीचे उत्तर ७२ आले असते, तेही त्याच वर्गात, आणि कोणाला शंका आली नसती.

दुसरा उपाय जास्त भरवशाचा आहे, आणि तो एका जुन्या वक्रातून येतो. गॉल्टनच्या खूप आधी, १८२१ मध्ये, जोसेफ फूरिएने पॅरिसच्या रहिवाशांच्या वयाचा असाच एक वक्र प्रसिद्ध केला होता. फरक एवढाच, की त्याने ‘या वयाचे किंवा त्याहून मोठे किती’ असे मोजले होते. त्यामुळे त्याची रेघ वरून खाली उतरते. याला ‘पेक्षा जास्त’ प्रकारचा वक्र म्हणतात, आणि आतापर्यंत काढला तो ‘पेक्षा कमी’ प्रकारचा. ओढण्याच्या ताकदीसाठी ‘पेक्षा जास्त’ वक्र काढायचा तर ५० किंवा त्याहून जास्त ओढणारे ५०९, ६० किंवा जास्त ४६७, ७० किंवा जास्त ३२७, ८० किंवा जास्त १५९, ९० किंवा जास्त ४६, आणि १०० किंवा जास्त २४. हे बिंदू वर्गाच्या खालच्या मर्यादेवर मांडायचे, कारण ‘७० पासून पुढचे’ मोजायला सुरुवात ७० वर होते.

दोन्ही वक्र एकाच कागदावर काढले की ते एकमेकांना छेदतात. छेदनबिंदूवर खालचे आणि वरचे सारखे, म्हणजे प्रत्येकी निम्मे. तिथून लंब टाकला की मध्यक मिळतो. शाळा-महाविद्यालयात ही रीत मध्यक काढण्याची आणखी एक पद्धत म्हणून शिकवतात. पण तिचा खरा उपयोग तपासणीसाठी आहे. समजा, एखाद्याने दोन्ही वक्र चुकून वर्गमध्यावर मांडले. ‘पेक्षा कमी’ वक्र ५ पौंडांनी डावीकडे गेला, ‘पेक्षा जास्त’ वक्र ५ पौंडांनी उजवीकडे. दोन्ही चुका एकमेकींना खोडतात आणि लंब पुन्हा ७४ च्या जवळच पडतो! उत्तर बरोबर, मांडणी चूक. पण छेदनबिंदूची उंची पाहावी. ती २५९.५ वर हवी होती, ती ३४२ च्या आसपास गेलेली दिसेल. तेव्हा दोन वक्रांवरून मध्यक काढणाऱ्याने लंब टाकण्याआधी डावीकडे उभ्या अक्षावर एक नजर टाकावी. छेद बरोबर अर्ध्या उंचीवर नसेल तर कुठले तरी बिंदू चुकीच्या जागी आहेत, आणि त्या कागदावरून चतुर्थक वाचले तर ते चुकणारच.

वर्गमर्यादेचा आणखी एक पेच आहे. गॉल्टनचे वर्ग सलग होते. एक ७० वर संपतो, पुढचा ७० वरच सुरू होतो. पुष्कळ सारण्यांत वर्ग १०-१९, २०-२९ असे असतात. १९ आणि २० च्या मधल्या फटीचे काय? आकडे जवळच्या पूर्णांकात मोजले असतील, जसे सेंटिमीटरमध्ये उंची, तर १९ म्हणून नोंदलेला माणूस १९.५ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून खरी वरची मर्यादा १९.५ घ्यायची. हे बहुतेकांना शिकवलेले असते. वयाच्या सारणीत मात्र तीच रीत वापरली की घोटाळा होतो. वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतात. २४ वर्षे अकरा महिन्यांचा माणूसही २४ च लिहितो. त्यामुळे २०-२४ या वयोगटाची खरी वरची मर्यादा २४.५ नव्हे, २५ आहे. अर्ध्या वर्षाचा फरक छोटा वाटतो, पण दोन गावांच्या मध्यक वयात फरकच एखाद्या वर्षाचा असेल तर तो छोटा राहत नाही. मर्यादा कुठे मांडायची हे सारणी पाहून ठरत नाही, मोजणी कशी झाली ते विचारून ठरते.

वाचनाच्या नेमकेपणालाही हद्द आहे, आणि ती वक्रावर सगळीकडे सारखी नाही. आडवी रेघ अर्धा मिलिमीटर वरखाली झाली तर आपल्या प्रमाणात अडीच माणसांचा फरक पडतो. मध्यकाजवळ, जिथे वक्र पौंडामागे १७ माणसे चढतो, तिथे अडीच माणसे म्हणजे पौंडाचा सातवा भाग. लंब आडव्या अक्षावर वाचताना होणारी चूक धरली तरी ७४ हे उत्तर अर्ध्या पौंडाच्या आत टिकते. पण ९० ते १०० मध्ये वक्र जवळजवळ आडवा पडला आहे. तिथे पौंडामागे जेमतेम दोन माणसे चढतात, आणि पेन्सिलीचा तोच अर्धा मिलिमीटर एका पौंडाहून जास्त चूक करतो. मध्यक आणि चतुर्थक बहुधा उभ्या चढावर पडतात, म्हणून आलेखाला ते झेपतात. सर्वांत ताकदवान पाच टक्के कुठून सुरू होतात असे विचारले की तोच आलेख डळमळू लागतो.

वरचे टोक उघडे असताना मध्यक आणि चतुर्थक का टिकतात, तेही याच चित्रात आहे. १०० च्या वरच्या २४ जणांनी सरासरी १०५ पौंड ओढले असे धरले तर (आणि खालच्या दहा जणांना ४५ धरले तर) साऱ्या गटाची सरासरी साडेचौऱ्याहत्तर येते. त्यांनी १२० ओढले असे धरले तर ती ७५.२ होते. कोणते खरे, ते सारणी सांगत नाही, म्हणून सरासरी आपल्या अंदाजावर हलते. मध्यकाला त्याचे काही नाही. त्या २४ जणांनी १०५ ओढले काय किंवा १५० ओढले काय, ते मधल्याच्या वरच आहेत, आणि ७४ जिथे आहे तिथे राहतो.

उघडे टोक आणि लहानमोठे वर्ग यांचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे शेतजमिनीची आकडेवारी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहिती खात्यांपैकी ६८.५ टक्के खाती एक हेक्टरपेक्षा कमी, म्हणजे अत्यल्प भूधारकांची होती. एक ते दोन हेक्टरची १७.६ टक्के, दोन ते चारची साडेनऊ टक्क्यांच्या किंचित वर, चार ते दहाची ३.८ टक्के, आणि दहाच्या वरची जेमतेम अर्धा टक्का. इथे वर्गांच्या रुंदी एक, एक, दोन आणि सहा हेक्टर, आणि शेवटचा उघडा. स्तंभालेख काढायचा तर रुंदीनुसार उंची कमी-जास्त करावी लागते, आणि तिथे पुष्कळ जण फसतात. संचित वक्राला त्याची गरज नाही. १ हेक्टरवर ६८.५, २ वर ८६.१, ४ वर ९५.६, १० वर ९९.४ असे बिंदू खऱ्या जागी मांडले की झाले. अक्षावर अंतरे मात्र खऱ्या प्रमाणात हवीत. चारही बिंदू सारख्या अंतरावर मांडले तर वक्र खोटा होतो.

वाचायला बसले की अडचण लगेच समोर येते. पन्नास टक्क्यांची उंची पहिल्याच वर्गात येते. शून्यापासून १ हेक्टरपर्यंत एकच सरळ रेघ आहे आणि तिच्यावरून मध्यक ०.७३ हेक्टर, म्हणजे सुमारे ७२ गुंठे वाचला जातो. पण ही रेघ सांगते, की अत्यल्प भूधारक शून्य ते एक हेक्टरमध्ये सारखे पसरलेले आहेत. तसे असते तर त्यांची सरासरी जमीन अर्धा हेक्टर आली असती. कृषी गणना सांगते, की ती ०.३८ हेक्टर आहे, सुमारे ३८ गुंठे. म्हणजे गर्दी लहान तुकड्यांकडे झुकलेली आहे. वक्राने शून्याजवळ झपाट्याने चढून मग मंदावायला हवे. वर्गातली सरासरी ०.३८ येईल असा एक साधा फुगीर वक्र या भागात बसवला तर मध्यक ०.७३ वरून ०.६ हेक्टरच्या आसपास येतो. देशातल्या सगळ्या खात्यांची सरासरी त्याच गणनेत १.०८ हेक्टर होती. मोठ्या जमिनींची थोडी खाती सरासरीला वर ओढतात. मधल्या शेतकऱ्याची जमीन तिच्याहून बरीच कमी आहे, एवढे तर सरळ रेघेवरूनही दिसते. नेमकी किती कमी, तिथे एकाच वर्गाची सारणी अपुरी पडते.

कृषी गणनेच्या तपशीलवार सारण्यांत पहिला वर्ग अर्ध्या हेक्टरवर तोडलेला असतो : अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी, आणि अर्धा ते एक. कामाचा आलेख काढणाऱ्याने तीच सारणी शोधावी. त्या एका जादा बिंदूची उंची पन्नास टक्क्यांच्या वर निघाली तर मध्यक अर्ध्या हेक्टरच्या आत आहे, खाली निघाली तर अर्धा आणि एकच्या मधे. दोन्ही बाबतींत अंदाजाला मोकळी राहणारी जागा हेक्टरवरून अर्ध्या हेक्टरवर येते, आणि लंब कुठे पडणार यातली पेन्सिलीची मर्जी निम्मी होते.